आयएसओ फाइलचा ताळा

लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २० या मालिकेला मिळणारी सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल २०२५ मध्ये थांबली. आमच्या इमारतीतल्या एका काकांच्या लॅपटॉपवर हीच मालिका होती. २० वरून थेट २२ वर उडी मारण्याची सोय नसल्यामुळे त्यांनी नव्या आवृत्तीची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशनचं सगळं सामान एकत्र बांधलेली फाइल, उतरवली, पेनड्राइव्हवर चढवली आणि इन्स्टॉलेशन सुरू केलं. ते अर्ध्यात अडकलं. दुसरा पेनड्राइव्ह आणला, तेव्हा ते वेगळ्याच ठिकाणी अडकलं. तिसऱ्या पेनड्राइव्हनंतर काका म्हणाले, "या मशीनला पेनड्राइव्ह लाभत नाहीत." मी त्यांना एवढंच विचारलं, "फाइलचा ताळा पाहिलात का?"

ताळा आपण शाळेत शिकलोय. २३ गुणिले ४७ बरोबर १०८१. २३ च्या अंकांची बेरीज ५ आणि ४७ ची ११, म्हणजे २. पाच दुणे दहा, म्हणजे १. उत्तराच्या अंकांची बेरीज १०, म्हणजे पुन्हा १. ताळा जुळला. पण घाईत १०८१ ऐवजी १८०१ लिहिलं तरी ताळा १ च येतो. बेरजेला अंक कळतात, त्यांच्या जागा कळत नाहीत. इंटरनेटवरून येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर टीसीपी या पाठवणीच्या रीतीचा जो चेकसम असतो, तोही मुळात बेरीजच आहे. त्यात सोळा-सोळा बिटांच्या दोन गटांची अदलाबदल झाली तर त्याला पत्ता लागत नाही. ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह असेल तर वाटेतली मोडतोड आणखी भक्कम रीतीने पकडली जाते. पण फाइल तुमच्या मशीनमध्ये आल्यावर डिस्कने किंवा मेमरीने तिचं काय केलं, ते वाटेवरच्या पहारेकऱ्याला दिसत नाही. म्हणून "डाउनलोड पूर्ण" म्हणजे "डाउनलोड बरोबर" असं समजू नये.

मिंटवाले आयएसओ फाइलसोबत एसएचए-२५६ या रीतीने काढलेला ताळा देतात. हा ताळा मला मनापासून आवडतो, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

सुरुवातीला बत्तीस-बत्तीस बिटांच्या आठ संख्या मांडलेल्या असतात. त्या कुठून आल्या? २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९ या पहिल्या आठ मूळ संख्यांची वर्गमुळं घ्यायची आणि दशांश चिन्हानंतरचा भाग उचलायचा. २ चं वर्गमूळ १.४१४२१३५६… आहे. त्यातल्या ०.४१४२१३५६… ला २ च्या ३२ व्या घाताने गुणलं की पूर्णांक भाग येतो १७७९०३३७०३. ही झाली पहिली संख्या. असा उगम मुद्दाम निवडलाय, कारण रीत बनवणाऱ्याने आपल्या सोयीचा आकडा गुपचूप घुसवला नाही, हे त्यावरून कोणालाही तपासता येतं.

मग फाइलचे चौसष्ट-चौसष्ट बाइटांचे तुकडे पाडतात. काकांच्या फाइलचे असे चार कोटींहून जास्त तुकडे होतात. प्रत्येक तुकडा त्या आठ संख्यांमध्ये चौसष्ट फेऱ्यांनी घुसळला जातो. एका फेरीत इतर गोष्टींबरोबर या तीन गोष्टी होतात. संख्येचे बिट माळेसारखे गोल फिरवतात. तीन संख्यांमधल्या एकाच जागेवरच्या बिटांचं बहुमत घेतात, म्हणजे दोन एक आणि एक शून्य असेल तर एक. आणि संख्यांच्या बेरजा करतात, त्यात बत्तीस बिटांबाहेर गेलेला हातचा टाकून देतात. बेरजेतला हातचा एका बिटाचा फरक शेजारच्या बिटांवर नेतो, फिरवण्यामुळे तो दूरच्या जागांवर जातो. पुढच्या फेऱ्यांत तो सगळीकडे पसरतो. एका तुकड्यातून निघालेल्या आठ संख्या पुढच्या तुकड्याची सुरुवात असतात, त्यामुळे तुकड्यांचा क्रम बदलला तरी उत्तर बदलतं. आपल्या शाळेतल्या ताळ्यात नेमकं हेच नव्हतं.

`hello` आणि `Hello` या दोन शब्दांत फक्त एका बिटाचा फरक आहे. त्यांचे ताळे पाहा:

```
2cf24dba5fb0a30e26e83b2ac5b9e29e1b161e5c1fa7425e73043362938b9824
185f8db32271fe25f561a6fc938b2e264306ec304eda518007d1764826381969
```

यामुळे "थोडासाच फरक आहे, चालेल" असं इथे म्हणताच येत नाही. फाइलमधला एक बिट बिघडला काय किंवा अर्धी फाइल गळाली काय, ताळा पूर्णपणे वेगळाच दिसतो. किती बिघडलं हे तो सांगत नाही, बिघडलं एवढंच सांगतो.

काकांच्या मशीनवर आम्ही हे चालवलं:

```
sha256sum linuxmint-22.1-cinnamon-64bit.iso
```

विंडोजवर हेच काम `certutil -hashfile` ही आज्ञा करते; तिच्यापुढे फाइलचं नाव आणि `SHA256` लिहायचं. उत्तर `e3b0c442` ने सुरू होऊन `7852b855` ने संपलं, तर फाइल चक्क रिकामी आहे, कारण शून्य बाइटांचा ताळा तो आहे.

बरेच जण सुरुवातीची आणि शेवटची चार अक्षरं पाहून समाधान मानतात. अपघाती बिघाड त्यातूनही कळतो. पण कोणी मुद्दाम फाइल बदलली असेल, तर आठ अक्षरं जुळवायला सरासरी सुमारे ४२९ कोटी प्रयत्न पुरतात, आणि दर वेळी सगळी फाइल घुसळावीही लागत नाही. शेवटच्या तुकड्याआधीच्या आठ संख्या जपून ठेवायच्या आणि फक्त तो तुकडा बदलत राहायचं. साध्या संगणकालाही हे झेपतं. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळवणं मात्र कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात नाही. म्हणून तुलना डोळ्यांनी न करता मशीनकडून करून घ्यावी. मिंटची `sha256sum.txt` त्याच फोल्डरमध्ये ठेवायची आणि:

```
sha256sum -c sha256sum.txt --ignore-missing
```

जुळलं तर नावापुढे `OK` येतं. काकांच्या पडद्यावर `FAILED` आलं.

आधी फाइलचा आकार पाहिला. तो बाइटला बाइट बरोबर होता, म्हणजे डाउनलोड अर्धवट नव्हतं. मग नाव पाहिलं, कारण सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई या मिंटच्या प्रकारांचे ताळे वेगळे असतात आणि चुकीच्या ओळीशी तुलना करणं ही नेहमीची चूक आहे. तेही ठीक होतं. मग मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि त्याच फाइलचा ताळा पुन्हा काढला. या वेळी तिसराच ताळा आला!

इथे माझे कान टवकारले. एसएचए-२५६ मध्ये नशिबाचा कुठलाही भाग नाही. तीच फाइल, तर तेच उत्तर. उत्तर बदलत असेल तर फाइल वाचणारं यंत्र चुकतंय. मशीन बंद-चालू करणं गरजेचं होतं, कारण एकदा वाचलेली फाइल मेमरीत राहते आणि मग तेच चुकीचं उत्तर पुन्हा पुन्हा मिळून आपली फसगत होऊ शकते. रात्रभर मेमरी तपासणारं मेमटेस्ट८६+ चालवलं. सकाळी पडद्यावर लाल ओळींची रांग होती. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक खराब होती. ती काढली, फाइल नव्याने उतरवली आणि `OK` आलं.

आता या ताळ्याला काय कळत नाही, तेही सांगतो. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडचा दुवा, चोराला गुपचूप आत शिरता येईल असं मागचं दार बसवलेल्या आयएसओकडे वळवला गेला. ज्या पानावरून फाइल घेतली त्याच पानावरून ताळा घेतला आणि ते पानच चोराच्या हातात असलं, तर दोन्ही छान जुळतील. "ताळा जुळला म्हणजे फाइलमध्ये व्हायरस नाही" असं सांगणारे व्हिडिओ म्हणूनच दिशाभूल करतात. ताळ्यांच्या यादीवर मिंटवाल्यांची डिजिटल सही असते. ती करायला लागणारी खाजगी किल्ली संकेतस्थळावर ठेवायची नसते, त्यामुळे संकेतस्थळ फोडून ती सही बनवता येत नाही. सही अशी तपासतात:

```
gpg --verify sha256sum.txt.gpg sha256sum.txt
```

त्याआधी सही तपासायला लागणारी मिंटची सार्वजनिक किल्ली आणावी लागते आणि तिचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारा छोटा ताळा, दुसऱ्या एखाद्या ठिकाणाहून पडताळावा लागतो. `Good signature` च्या खाली किल्लीवर विश्वास नोंदवलेला नाही अशी सूचना दिसते; ठसा आपण स्वतः पडताळला असेल तर तिला घाबरायचं कारण नाही.

काकांनी ही पायरीही केली. मग पहिलाच पेनड्राइव्ह पुन्हा घेतला आणि बावीस मिनिटांत नवं मिंट सुरू झालं.