पारशी वारसाहक्क : विधवा, मुले आणि आईवडील हयात असताना

मृत्युपत्र न करता वारलेल्या पारशी व्यक्तीच्या मालमत्तेची वाटणी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधील कलम ५० ते ५६ या पारशींसाठीच्या खास नियमांनुसार होते. पती किंवा पत्नी, मुले आणि आईवडील हे तिघेही मागे राहिले असतील, तर वाटणी कलम ५१ ठरवते. विधवा किंवा विधुर आणि प्रत्येक मूल यांचा वाटा समान असतो, आणि आईवडिलांपैकी जो हयात असेल त्या प्रत्येकाला एका मुलाच्या वाट्याच्या निम्मा वाटा मिळतो. मुलगा-मुलगी असा भेद नाही. मृत व्यक्ती पुरुष होती की स्त्री, यानेही काही बदलत नाही. विवाहित पारशी स्त्री वारली तर तिच्या मालमत्तेत वाटा तिच्या स्वतःच्या आईवडिलांना मिळतो, सासूसासऱ्यांना नाही.

शेजारच्या कायद्यांजवळ ठेवून पाहिले की या नियमाचे वेगळेपण उठून दिसते. हिंदू पुरुषाची मुले आणि पत्नी हयात असताना त्याच्या आईला पहिल्या वर्गाची वारस म्हणून बरोबरीचा वाटा मिळतो, पण वडील दुसऱ्या वर्गात मोडतात आणि त्यांच्या हाती काहीच लागत नाही. भारतीय ख्रिश्चनांना लागू असलेल्या सर्वसाधारण नियमांत मूल असेल तर आई आणि वडील दोघेही बाहेर राहतात. पारशी कायद्याने आईवडिलांना आत घेतले आहे, पण अर्ध्या हिश्शावर.

हिशेब करताना एकके धरणे सोपे पडते. विधवा २, प्रत्येक मूल २, आई १, वडील १. समजा, फिरोज नावाचे गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी, आई आणि वडील. कर्जे व अंत्यविधीचा खर्च वजा जाता ९६ लाख रुपये उरले. एकूण एकके आठ, म्हणजे एक एकक १२ लाखांचे. पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना प्रत्येकी २४ लाख, आई व वडील यांना प्रत्येकी १२ लाख. वडील आधीच गेले असते तर एकके सातच राहिली असती. त्यांचा वाटा फिरोजच्या भावाबहिणींकडे गेला नसता, कारण तो मुळात निर्माणच झाला नसता. फिरोजच्या मृत्यूच्या दिवशी पत्नी गरोदर असेल आणि मूल पुढे जिवंत जन्मले, तर तेही इतर मुलांबरोबर मोजले जाते. त्यामुळे अशा वेळी वाटप थांबवून ठेवणे शहाणपणाचे.

प्रत्यक्षात चुका दोन ठिकाणी होतात. पहिली चूक म्हणजे आईवडील दोघांना मिळून एक अर्धा वाटा धरणे. कायद्याचे शब्द ‘आईवडिलांपैकी प्रत्येकाला’ असे आहेत, त्यामुळे दोघे हयात असतील तर दोघांचे मिळून एका मुलाइतके होते. दुसरी चूक म्हणजे आधी मालमत्ता पत्नी व मुलांत वाटून टाकायची आणि नंतर मुलांच्या वाट्यातून आईवडिलांचे काढून द्यायचे. तसे केले तर पत्नीचे ३२ लाख शाबूत राहतात आणि सगळी कपात मुलांवर पडते. खरे तर आईवडिलांमुळे विधवा आणि मुले यांचा वाटा सारख्याच प्रमाणात आक्रसतो. ताळा सोपा आहे : विधवेचा आकडा मुलाच्या आकड्याशी जुळला नाही तर मांडणी चुकलेली आहे.

आईवडिलांचा हा वाटा निर्वाहभत्त्यासारखा नाही. ते स्वतः सधन असले तरी तो मिळतो आणि त्याची मालकी पूर्ण असते. घरात कुरबुर सुरू होते ती यातूनच. फिरोजचे वडील दोन वर्षांनी मृत्युपत्र न करता वारले, तर त्यांचे १२ लाख आता त्यांच्या स्वतःच्या वारसांत वाटले जातील. ते म्हणजे त्यांची पत्नी, फिरोजचा भाऊ, बहीण आणि आधी वारलेल्या फिरोजची शाखा. चार समान भाग, प्रत्येकी ३ लाख. रकमेचे ठीक आहे, ती वाटता येते. पण मालमत्ता म्हणजे एकच राहता फ्लॅट असेल, तर वडिलांचा अष्टमांश अशा रीतीने दीर आणि नणंदेपर्यंत पोहोचतो आणि विधवेला घर विकायचे झाल्यास त्यांच्याही सह्या लागतात. म्हणून पुष्कळ कुटुंबांत आजी-आजोबा हयात असतानाच नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून आपला भाग सुनेच्या किंवा नातवंडांच्या नावे सोडतात. तो त्यांचा निर्णय असतो. त्यांनी तसे करायलाच हवे अशी सक्ती कायद्यात कुठेही नाही, आणि सही करण्यापूर्वी त्यांना हे नीट समजावून सांगितले गेले होते का, यावरच पुढे वाद उभे राहतात.

एखादे मूल मृत व्यक्तीच्या आधीच गेले असेल तर कलम ५३ लागते, आणि इथे १९९१ च्या दुरुस्तीने मुलगा आणि मुलगी यांत आणलेली समता अपुरी राहिलेली दिसते. आधी वारलेल्या मुलीचा वाटा तिच्या मुलांत समान वाटला जातो. तिच्या नवऱ्याला काही मिळत नाही. आधी वारलेल्या मुलाची विधवा मात्र वाटेकरी असते. मुलीला बरोबरी देणाऱ्या सुधारणेने जावयाला आणि सुनेला एका पातळीवर आणलेले नाही. मागे कोणीही न ठेवता, म्हणजे जोडीदार आणि संतती दोन्ही नसताना, वारलेले मूल हिशेबात धरलेच जात नाही.

यातला सर्वांत किचकट प्रसंग निपुत्रिक सुनेचा. फिरोजचा मुलगा आधीच वारला होता, त्याची विधवा आहे पण संतती नाही, असे धरू. पहिल्या फेरीत मुलगा जिवंत असल्यासारखे आठ एकके धरायची आणि त्याच्या नावे २४ लाख काढायचे. त्यातले निम्मे, १२ लाख, सुनेला. उरलेले १२ लाख पुन्हा फिरोजची मालमत्ता समजून वाटायचे, पण आता मुलाला वगळून. पत्नी २, मुलगी २, आई १, वडील १, अशी सहा एकके होतात आणि एक एकक २ लाखांचे. शेवटी पत्नी आणि मुलगी यांना प्रत्येकी २८ लाख, आई व वडील यांना प्रत्येकी १४ लाख आणि सुनेला १२ लाख. या सुनेने फिरोज हयात असतानाच पुनर्विवाह केला असेल, तर कलम ५० प्रमाणे ती अस्तित्वात नाही असे मानतात आणि तिचा वाटा संपतो. फिरोजच्या मृत्यूनंतर तिने लग्न केले तर वाट्याला धक्का लागत नाही.

वाटणीला काय येते हा प्रश्न तितकाच कळीचा आहे. बँक खाते किंवा शेअर यांवरचे नामनिर्देशन मालकी देत नाही. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम घेते ती वारसांच्या वतीने, आणि शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. आयुर्विम्याचे तसे नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती-पत्नी, मुले किंवा आईवडील यांना नामनिर्देशित केले असेल तर विम्याची रक्कम सहसा त्यांचीच होते आणि या एककांच्या हिशेबात येत नाही. मुंबईत ‘बाग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पारशी वसाहतींमधली अनेक घरे पारशी पंचायत किंवा अन्य धर्मादाय न्यासांच्या मालकीची आहेत. रहिवाशाकडे असते ती परवानगी किंवा भाडेकरूपण. अशा घराचे आठ भाग पाडायला बसण्याआधी न्यासाशी झालेला करार वाचावा. घरात कोण राहत होते, यालाही तिथे महत्त्व येते.

कागदपत्रांच्या बाबतीत पारशी कुटुंबाला एक सवलत आहे. मृत्युपत्र नसताना हक्क सिद्ध करण्यासाठी न्यायालयाकडून मालमत्तेच्या कारभाराचा अधिकार देणारे प्रशासनपत्र घेतलेच पाहिजे ही कलम २१२ ची अट पारशींना लागू नाही. येणी आणि रोख्यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र पुरते. अर्जात मात्र सगळे वारस लिहावे लागतात. आजी-आजोबा वेगळ्या घरात राहतात म्हणून त्यांची नावे गाळली, तर मिळालेले प्रमाणपत्र पुढे रद्द होऊ शकते.

वरचे सारे ज्या एका गोष्टीने कोलमडते ती म्हणजे विशेष विवाह अधिनियम, १९५४. या कायद्याखाली लग्न केलेल्या व्यक्तीला उत्तराधिकार अधिनियम लागू होतो, पण त्यातले पारशींचे प्रकरण वगळूनच, असे त्या कायद्याचे कलम २१ सांगते. आंतरधर्मीय लग्ने बहुधा याच कायद्याने होतात, त्यामुळे हा प्रसंग दुर्मीळ नाही. फिरोजचे लग्न अशा पद्धतीने नोंदवले गेले असते, तर सर्वसाधारण नियमाने पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश मिळाले असते : पत्नी ३२ लाख, मुलगा ३२, मुलगी ३२. आईवडील शून्य. म्हणून वकिलाने पहिल्यांदा मागवायचा कागद म्हणजे विवाहाचा दाखला. अग्यारीत आशीर्वाद विधीने झालेला विवाह पारशी विवाह कायद्याखाली नोंदलेला आहे की दाखला विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीतला आहे, यावर वृद्ध आईवडिलांचे चोवीस लाख अवलंबून असतात.

आजचा नियम टप्प्याटप्प्याने घडला. एकोणिसाव्या शतकात मुंबई शहरातल्या पारशींना इंग्लंडचा कायदा लागू होत असे आणि थोरल्या मुलाने वडिलांची सारी स्थावर आपलीच असल्याचा दावा केल्यावर समाज हादरला. १८३७ च्या कायद्याने तो धोका टळला. मग १८५५ पासून पारशी पुढाऱ्यांनी स्वतःच्या रूढींवर आधारलेल्या कायद्याची मागणी लावून धरली आणि १८६५ चा पारशी उत्तराधिकार कायदा आला. त्यात मुलाला विधवेच्या दुप्पट आणि विधवेला मुलीच्या दुप्पट वाटा होता, म्हणजे मुलीपेक्षा मुलाला चौपट. १९३९ च्या दुरुस्तीने विधवेला मुलाच्या बरोबरीला आणले आणि मुलीला त्याच्या निम्मे दिले. वडिलांना मुलाच्या निम्मे, आईला मुलीच्या निम्मे. १९९१ च्या दुरुस्तीने हे लिंगभेद काढले.

हा इतिहास नुसता वाचायचा नाही, कारण वाटणी मृत्यूच्या तारखेला असलेल्या कायद्याने होते. फिरोज १९८५ मध्ये वारले असते तर एकके तेरा झाली असती : मुलगा ४, विधवा ४, मुलगी २, वडील २, आई १. जुन्या सोसायटीतला फ्लॅट आज विकायला निघाला आणि भागधारक प्रमाणपत्रावर अजून १९८५ मध्ये वारलेल्या माणसाचे नाव असेल, तर आज हयात असलेल्या वारसांना आठांत नव्हे, या तेरांतच आपला वाटा शोधावा लागतो.