समुद्राकडच्या भिंतीला पाऊस नसतानाही ओल का येते, आणि भाड्याने घेण्याआधी काय बघायचं

फेब्रुवारीत वर्सोव्याला सहाव्या मजल्यावरचा टू बीएचके बघायला गेलात असं धरा, हॉलची खिडकी थेट पश्चिमेला, समोर समुद्र, भिंती नुकत्याच रंगवलेल्या. सगळं कोरडं खणखणीत दिसतं. पण फेब्रुवारीतली कोरडी भिंत जुलैबद्दल फार कमी सांगते, आणि याचं मुख्य कारण आहे मीठ.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार असतात, ते वर्षानुवर्षं भिंतीवर बसतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर भेगांतून प्लास्टरच्या आत जातात. पाणी वाळतं, मीठ आतच राहतं. आता या मिठाची गंमत अशी की हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळतं, पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं ना, तेच भिंतीत होतं. मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता बहुतेक वेळ 80 च्या वरच असते, त्यामुळे कुठेही पाइप फुटलेला नसताना, आठवडाभर पाऊस नसतानाही ती भिंत हाताला ओली लागते. मग हिवाळ्यात हवा कोरडी झाली की मिठाचे परत स्फटिक होतात, ते रंगाच्या आत वाढतात आणि रंगाला बाहेर ढकलतात, म्हणून पोपडे निघतात आणि खाली पांढरी भुकटी पडते. मालक पोपडे खरवडून पुट्टी मारून रंग देतो, पण मीठ तिथेच असतं, म्हणून एक-दोन पावसाळ्यांत परत तेच.

तर या फ्लॅटमध्ये बघायचं काय? रंगवलेल्या भिंतीवर वेळ घालवू नका, जिथे रंगारी पोचत नाही तिथे बघा. पश्चिमेच्या भिंतीला लागून वॉर्डरोब असेल तर दार उघडून मागचं प्लायवूड बघा, ते फुगलंय का, काळे ठिपके आहेत का, कुबट वास येतो का. त्याच भिंतीवरच्या स्विचबोर्डचे स्क्रू गंजलेत का बघा. मग खिडकीखाली बोटाने ठोका, प्लास्टर सुटलेलं असेल तर बद्द, पोकळ आवाज येतो.

खिडकी स्वतः नीट बघायला हवी, कारण समुद्राकडच्या फ्लॅटमध्ये बरंचसं पाणी भिंतीतून नाही तर स्लायडिंगच्या पट्टीतून येतं. त्या ॲल्युमिनियमच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती वाळू आणि धुळीने बुजलेली असतात, मग जोराचा वारा पाऊस ट्रॅकमध्ये लोटतो, ट्रॅक भरतो आणि पाणी आत हॉलमध्ये येतं. तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओता. लगेच बाहेर गेलं तर ठीक. साचून राहिलं किंवा आत आलं तर समजा. फ्रेम आणि ग्रॅनाइटमधलं सिलिकॉन सुटलेलं आहे का तेही तिथेच दिसेल.

आता समजा फेब्रुवारीतच एखादा डाग ओला सापडला, तर तो पावसाचा नाही, मिठाचाही नसावा कारण दुपारची हवा तेवढी दमट नसते. तो बहुतेक वरच्या बाथरूमचा किंवा पाइपचा आहे आणि बारा महिने चालणार. फॉल्स सीलिंग असेल तर बाथरूमजवळचा भाग जास्त लक्षपूर्वक बघा. आणि सीलिंगला सळईच्या रेषेत सरळ तडा किंवा तपकिरी डाग असेल तर मात्र फ्लॅट सोडून द्या, खारेपणामुळे आतलं लोखंड गंजतंय, गंजलेलं लोखंड फुगून काँक्रीटचा तुकडा खाली पाडू शकतं.

बुरशीचं थोडं वेगळं आहे, तिला भिंतीतून पाणी झिरपायची गरजच नाही. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असलेली हवा साधारण 26 अंशांच्या पृष्ठभागाला लागली की पाणी सुटतं, म्हणजे शेजारच्या खोलीत एसी 20 वर रात्रभर चालू असेल तर मधली भिंत तुमच्या बाजूने गार होऊन ओली होऊ शकते, आणि मागे कपाट खेटून असेल तर तिथे हवा खेळत नाही, बुरशी धरते. शंका असेल तर डागावर फूटभर ॲल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी टेपने चिकटवा, एक-दोन दिवसांनी बघा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर ते हवेतलं पाणी, मागे असतील तर भिंतीतलं. ब्रोकर ओलावा मोजायचं मीटर दाखवेल तर त्यातला आकडा पक्का धरू नका, मिठामुळे वीज जास्त वाहते आणि पिनवालं मीटर उगाच जास्त दाखवतं.

शक्य असेल तर लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांना विचारा, त्याच लाइनमध्ये वर-खाली राहणाऱ्यांना, "जुलैमध्ये पश्चिमेची भिंत कशी असते?" बाहेरून सहाव्या मजल्याच्या आसपास प्लास्टरच्या भेगा दिसत असतील तर ते काम सोसायटीचं असतं, मालक एकटा करू शकत नाही, म्हणून सोसायटीने बाहेरच्या भिंतीचं काम ठरवलंय का तेही विचारा. लीव्ह अँड लायसन्स करारात लिहून घ्या की आत पाणी आलं तर दुरुस्ती किती दिवसांत आणि कोण करणार, आणि ताबा घेताना खिडक्या, वॉर्डरोबचा मागचा भाग, सीलिंग यांचे तारखेसकट फोटो मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, म्हणजे डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायची वेळ आली तर आधीची भिंत कशी होती ते दोघांकडेही असेल.