मूळ संख्या तपासणारे फंक्शन: १ ला मूळ ठरवणारी चूक आणि मोठ्या संख्येवर न संपणारे लूप
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे सांगणारे एक छोटे फंक्शन वारंवार आढळते. ते जेमतेम चार-पाच ओळींचे असते, नेहमीच्या संख्यांवर बरोबर उत्तर देते आणि म्हणूनच त्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही. त्यातील दोन दोष मात्र इतके सारखे दिसतात, की प्रत्येक ग्राहकाला वेगवेगळे उत्तर पाठवण्यापेक्षा त्यांचे कारण, ते ओळखण्याची रीत आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी लिहून द्यावी, असे आम्हांला वाटले. पायथनमधील त्याचे नेहमीचे रूप असे असते:

```python
def is_prime(n):
    for i in range(2, n):
        if n % i == 0:
            return False
    return True
```

यामागचा विचार सरळ आहे. २ पासून n च्या आधीच्या संख्येपर्यंत प्रत्येकीने n ला भागून पाहायचे, कुठेही बाकी शून्य आली तर संख्या मूळ नाही, आणि शेवटपर्यंत तसे झाले नाही तर ती मूळ आहे. ७ दिल्यास २ ते ६ यांपैकी कोणानेही भाग जात नाही आणि `True` मिळते. ९ दिल्यास ३ ने भाग जाताच `False` मिळते.

आता याच फंक्शनला १ देऊन पाहावे. `range(2, 1)` ही मर्यादा रिकामी आहे, कारण सुरुवातच शेवटाच्या पुढे आहे. त्यामुळे लूप एकदाही चालत नाही, भाजक शोधण्याचा प्रश्नच येत नाही, आणि नियंत्रण थेट शेवटच्या ओळीवर जाऊन `True` परत येते. येथे फंक्शनने काही तपासून उत्तर दिलेले नाही; काहीच न तपासल्यामुळे ते उत्तर आले आहे. ० आणि सर्व ऋण संख्यांच्या बाबतीतही नेमके हेच घडते. २ चे उत्तरसुद्धा याच वाटेने येते, कारण `range(2, 2)` हीदेखील रिकामीच असते. फरक एवढाच, की २ ही खरोखर मूळ संख्या असल्याने तेथे उत्तर बरोबर ठरते. म्हणून लूप रिकामे राहिले तर `False` द्यावे, अशी घाईची दुरुस्ती केल्यास १ सुधारतो, पण २ बिघडतो.

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः असे नेमके दोनच विभाजक असतात, ती मूळ संख्या. १ ला विभाजक एकच आहे, म्हणून ती मूळही नाही आणि संयुक्तही नाही. ही केवळ शब्दांची काटेकोरी नव्हे. ८४ चे मूळ अवयव २, २, ३ आणि ७ असे एकाच प्रकारे पडतात. १ ला मूळ मानले, तर त्यांच्यापुढे हवे तितके १ लिहिता येतील आणि अवयवांची यादी कधीच ठरणार नाही. संगणकावर तर याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. अवयव पाडणारा भाग साधारणपणे असा असतो:

```python
m = 84
for p in range(1, 85):
    if is_prime(p):
        while m % p == 0:
            print(p)
            m //= p
```

वरचे सदोष फंक्शन वापरले, की पहिल्याच फेरीत p ची किंमत १ असते. ८४ ला १ ने भागल्यावर बाकी शून्य येते, भागाकार पुन्हा ८४ च येतो, आणि आतले लूप पडद्यावर १ छापत राहते, ते प्रोग्रॅम हाताने थांबवेपर्यंत. अशी तक्रार आली, की बहुतेक जण अवयव पाडणाऱ्या भागातच दोष शोधत बसतात; तो भाग मात्र निर्दोष असतो, दोष त्याला मिळालेल्या उत्तरात असतो.

यावरची दुरुस्ती म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीला २ पेक्षा लहान प्रत्येक संख्येसाठी `False` देणे. केवळ `n == 1` अशी अट घालू नये, कारण तिने ० आणि ऋण संख्या तशाच निसटतात.

दुसरा दोष वेळेचा आहे, आणि तो लपून राहण्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. फंक्शन मोठ्या संख्येवर चालते का, हे पाहण्यासाठी कोणीही सहज १००,००,००,००० अशी संख्या देतो. ती सम आहे, त्यामुळे पहिल्याच भागाकारात २ ने भाग जातो आणि उत्तर क्षणात मिळते. मोठ्या संख्येची चाचणी झाली असे वाटते, प्रत्यक्षात लूप एकदाच फिरलेले असते. या फंक्शनला सर्वांत जास्त वेळ मूळ संख्येवरच लागतो, कारण तेथे मध्येच थांबण्याची संधी मिळत नाही.

उदाहरण म्हणून २१४७४८३६४७ ही संख्या घेऊ. ही २ च्या ३१ व्या घातापेक्षा एकाने लहान असून ती मूळ असल्याचे ऑयलर यांनी अठराव्या शतकातच सिद्ध केले होते. वरचे फंक्शन तिच्यासाठी २१४ कोटींहून अधिक भागाकार करते. सेकंदाला एक कोटी भागाकार होतात असे धरले, तरी एका उत्तरासाठी सुमारे साडेतीन मिनिटे लागतात. वापरणाऱ्याला या काळात प्रोग्रॅम अडकला असेच वाटते.

यातील जवळजवळ सर्व भागाकार अनावश्यक आहेत. एखादी संख्या a आणि b यांचा गुणाकार असेल, तर ते दोन्ही अवयव तिच्या वर्गमूळापेक्षा मोठे असू शकत नाहीत, कारण तसे असते तर त्यांचा गुणाकार त्या संख्येच्या पुढे गेला असता. म्हणजेच लहान अवयव वर्गमूळापर्यंत सापडलाच पाहिजे, आणि तेथवर सापडला नाही तर पुढे शोधण्यात अर्थ नाही. ९७ चे वर्गमूळ ९ आणि १० च्या दरम्यान येते. २ ते ९ यांनी भागल्यास बाकी अनुक्रमे १, १, १, २, १, ६, १ आणि ७ येते. एकदाही शून्य येत नाही. एवढ्या आठ भागाकारांत ९७ मूळ असल्याचे सिद्ध झाले, तर जुने फंक्शन यासाठी ९५ भागाकार करते. २१४७४८३६४७ चे वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे आहे, त्यामुळे २१४ कोटींच्या जागी ४६,३३९ भागाकार पुरतात आणि साडेतीन मिनिटांचे काम सेकंदाच्या दोनशेव्या भागात होते.

काही जण वर्गमूळाऐवजी n च्या निम्म्यापर्यंत लूप नेतात. ते चुकीचे नाही, पण त्याने काम निम्मेच होते. १०७ कोटी भागाकार उरतात आणि वापरणाऱ्याची तक्रार तशीच राहते.

दोन्ही दोष दूर केलेले फंक्शन असे:

```python
def is_prime(n):
    if n < 2:
        return False
    i = 2
    while i * i <= n:
        if n % i == 0:
            return False
        i += 1
    return True
```

येथे वर्गमूळ काढण्याऐवजी `i * i <= n` अशी अट मुद्दाम ठेवली आहे. वर्गमूळ देणारे दशांशी फंक्शन फार मोठ्या संख्येवर शेवटच्या अंकात थोडे घसरू शकते. पूर्णांकांच्या गुणाकारात ती भीती नाही. या अटीतील बरोबरीचे चिन्ह मात्र गाळू नये. केवळ `<` ठेवल्यास ९ साठी लूप ३ पर्यंत पोहोचण्याआधीच थांबते आणि ९ मूळ ठरते. ४, २५, ४९ यांचीही तीच गत होते.

आपला प्रोग्रॅम सी भाषेत असेल आणि संख्या ३२ बिटांच्या `int` मध्ये ठेवलेली असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. २१४७४८३६४७ ही त्या प्रकारात मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे. i ची किंमत ४६३४१ झाली, की i चा वर्ग २१४७४८८२८१ येतो आणि तो त्यात मावत नाही. असे झाल्यावर काय व्हावे, याची हमी सी भाषा देत नाही. बहुधा ती किंमत ऋण होते, अट खरीच राहते आणि जे लूप थांबायला हवे होते ते पुढे धावत राहते. तेथे अट `i <= n / i` अशी लिहावी, म्हणजे गुणाकारच करावा लागत नाही. पायथनमध्ये पूर्णांकांना अशी मर्यादा नसल्याने हा प्रश्न येत नाही.

आपले फंक्शन ठीक आहे का, हे आपण स्वतः पाहू शकता. १ ते १०० यांपैकी किती संख्या मूळ ठरतात ते मोजावे:

```python
print(sum(is_prime(k) for k in range(1, 101)))
```

उत्तर २५ आले पाहिजे. २६ आले, तर बहुतेक वेळा १ आत शिरलेला असतो. २९ आले, तर बरोबरीचे चिन्ह गळले आहे, कारण ४, ९, २५ आणि ४९ हे चार वर्ग जास्तीचे मोजले गेले. २४ आले, तर सम संख्या वगळण्याच्या नादात २ लाही बाहेर काढलेले असते. वेग वाढवण्यासाठी केवळ विषम भाजक तपासणाऱ्या फंक्शनमध्ये हे सहज घडू शकते. आकडा जुळत नसेल, तर मूळ ठरलेल्या संख्यांची यादी छापून पाहावी, कारण एकच आकडा दोन वेगळ्या चुकांमुळेही येऊ शकतो. वेगाच्या चाचणीसाठी सम किंवा ५ ने शेवट होणारी संख्या न घेता २१४७४८३६४७ हीच द्यावी. उत्तर लगेच आले नाही, तर लूप अजून वर्गमूळाच्या पुढे जात आहे.

या दुरुस्तीलाही मर्यादा आहे आणि ती आधीच सांगणे आम्हांला योग्य वाटते. १८ अंकी मूळ संख्येचे वर्गमूळ शंभर कोटींच्या घरात जाऊ शकते, आणि वरच्याच वेगाने त्यासाठी दीड मिनिटाहून अधिक वेळ लागतो. जुन्या फंक्शनला तेथे तीन हजारांहून अधिक वर्षे लागली असती हे खरे, पण वापरणाऱ्याला दीड मिनिटही खपत नाही. अशा ठिकाणी मिलर–राबिन ही पद्धत वापरावी. ती भाजक शोधत नाही, तर संख्या मूळ असती तर घातांकांच्या बाकीत जे दिसायला हवे ते दिसते का, हे पाहते. २ पासून ३७ पर्यंतच्या बारा मूळ संख्या आधार म्हणून घेतल्या, तर ६४ बिटांत मावणाऱ्या प्रत्येक संख्येसाठी तिचे उत्तर निश्चित बरोबर असते. याउलट, एका ठरावीक मर्यादेपर्यंतच्या लाखो लहान संख्या तपासायच्या असतील, तर प्रत्येकीसाठी फंक्शन बोलावण्यापेक्षा एराटोस्थेनीसच्या चाळणीने सर्व मूळ संख्यांची यादी एकदाच करून ठेवणे सोयीचे असते.

म्हणून फंक्शन तपासणीसाठी पाठवताना त्यासोबत तीन गोष्टी कळवाव्यात: प्रोग्रॅमची भाषा, फंक्शनला प्रत्यक्षात मिळणारी सर्वांत मोठी संख्या, आणि ते एका वेळी किती संख्यांसाठी बोलावले जाते. त्यावरून वरीलपैकी कोणती पद्धत आपल्याला पुरेल, हे आम्ही कोड उघडण्याआधीच सांगू शकतो.