कंबरदुखीत लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नका

चाळिशीतल्या एका माणसाचं उदाहरण घेऊ. भरलेला गॅस सिलिंडर उचलताना त्याच्या कंबरेत उसण भरली आणि कळ डाव्या पायात जाऊ लागली. ‘नस दबली असेल’ म्हणून गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी कळ दोन्ही पायांत उतरली. रात्री शौचानंतर धुताना पाण्याचा स्पर्शच कळेना. लघवीची धार सुरू व्हायला कुंथावं लागलं. सकाळी तर लघवी लागल्याची जाणीवच नव्हती. कळ मात्र जरा कमी वाटत होती, त्यामुळे घरच्यांना हायसं वाटलं.

धोका नेमका इथेच होता. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नसांचा जुडगा घोड्याच्या शेपटासारखा लोंबत असतो. मूत्राशय, गुदद्वार, जननेंद्रियं आणि बैठकीच्या भागाची संवेदना सांभाळणाऱ्या नसा या जुडग्याच्या मध्याकडे असतात. मणक्यांमधली गादी फाटून तिचा मोठा तुकडा मधोमध मागे सरकला, की त्या चिरडल्या जातात. यालाच कॉडा इक्वायना सिंड्रोम म्हणतात. पाय चांगले चालत असले तरी हे होऊ शकतं.

एरवी मूत्राशयात तीन-चारशे मिली लघवी साठली की माणसाला बसवत नाही. प्रोस्टेटमुळे अचानक लघवी तुंबते तेव्हा रुग्ण वेदनेने तळमळतो. इथे मात्र जाणीव नेणारी नसच दबलेली असल्याने सहा-सातशे मिली साठूनही दुखत नाही. मग भरून वाहिल्यासारखी थेंब थेंब गळू लागते आणि ‘होतेय की लघवी’ असा गैरसमज होतो.

म्हणून लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी करतात. आत दोनशे मिलीपेक्षा जास्त उरली असेल, तर संशय बळावतो. कमी उरली म्हणून मात्र हा आजार नाही असं म्हणता येत नाही. गुदद्वाराभोवती टोचलेलं कळतं का, हेही डॉक्टर तपासतात. ही तपासणी लाजून टाळू नये. साध्या एक्स-रेत गादी आणि नसा दिसत नाहीत. त्यासाठी एमआरआय हवा, आणि तो त्याच दिवशी.

उपाय म्हणजे शस्त्रक्रिया करून नसांवरचा दाब काढणं. लघवी अजून होत आहे, फक्त बदलली आहे, अशा वेळी शस्त्रक्रिया झाली तर मूत्राशय पूर्ववत होण्याची शक्यता बरीच जास्त असते. पूर्ण तुंबल्यानंतरही शस्त्रक्रिया तातडीनेच करतात, पण मग काहींना कायम नळीने लघवी काढावी लागते, संडासवर ताबा राहत नाही, लैंगिक संवेदना परत येत नाही.

अशा वेळी मालिश, शेक, मणका ‘बसवून’ घेणं यात एक तासही घालवू नका. एमआरआय आणि मणक्याचे सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. तिथे नुसतं ‘कंबर दुखते’ म्हणू नका. ‘बसायची जागा बधिर आहे आणि लघवी नीट होत नाही’ हे आधी सांगा, आणि हे कधीपासून सुरू झालं ती वेळही सांगा.