सीआयएफ निर्यात: विमा कोणाचा, माल उतरवण्याचा खर्च कोणाचा?

अंबडच्या एका कारखान्यातून वीज वितरणाची पॅनल्स न्हावा शेवामार्गे डर्बनला चालली आहेत असं धरू. सौदा ‘सीआयएफ डर्बन बंदर, इन्कोटर्म्स २०२०’ असा, किंमत ४०,००० डॉलर. इन्कोटर्म्स म्हणजे खर्च आणि जोखीम कोणाची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या प्रमाणित अटी, आणि सीआयएफ म्हणजे किमतीत मालासोबत विमा आणि डर्बनपर्यंतचं जहाजाचं भाडंही धरलेलं. वाद बहुधा दोनच गोष्टींवरून होतो: विमा आणि माल उतरवणं.

आधी विमा. इन्कोटर्म्सच्या अकरा अटींपैकी फक्त सीआयएफ आणि कोणत्याही प्रकारच्या वाहतुकीला चालणारी तशीच अट सीआयपी या दोनच अटी विक्रेत्यावर खरेदीदारासाठी विमा काढायचं बंधन घालतात. रक्कम सौद्याच्या किमतीच्या किमान ११० टक्के, म्हणजे इथे ४४,००० डॉलर, आणि तीही सौद्याच्याच चलनात. हप्ता विक्रेता भरतो. पण माल न्हावा शेवाला जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. त्यामुळे वाटेत नुकसान झालं, तर विम्याचा दावा खरेदीदार करतो आणि दावा नामंजूर झाला तर तोटाही त्याचाच. अनेकांना हे पटत नाही, कारण भाडं डर्बनपर्यंत विक्रेत्यानेच भरलेलं असतं.

खरी मेख पुढे आहे. सीआयएफमध्ये किमान संरक्षण ‘क्लॉज सी’चं, म्हणजे माल विम्याच्या प्रमाणित कलमांतल्या सर्वांत मर्यादित प्रकाराचं, पुरतं. आग, जहाज बुडणं, टक्कर असे मोठे अपघात त्यात येतात. कंटेनरमध्ये समुद्राचं पाणी शिरून पॅनल्स गंजली किंवा माल चोरीला गेला, तर त्यातून काही मिळत नाही. सीआयपीमध्ये मात्र ‘क्लॉज ए’ लागतो, तो बराच व्यापक आहे. पॅनल्ससारख्या मालाला ‘ए’च घ्यावा आणि तसं करारात लिहून घ्यावं. कंटेनरच्या मालासाठी मुळात सीआयपीच जास्त योग्य, कारण कंटेनर यार्डात वाहतूकदाराच्या ताब्यात जातो, थेट जहाजावर नाही.

आता उतरवणं. सीआयएफमध्ये डर्बनला माल उतरवण्याचा खर्च खरेदीदाराचा. वाहतूक करारानेच तो विक्रेत्यावर टाकला असेल तर गोष्ट वेगळी. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर, ‘फ्रेट प्रीपेड’ छापलंय एवढ्यावरून तिथलं टर्मिनल हँडलिंगही भरलंय असं समजू नका. भाड्याचं कोटेशन मागतानाच फॉरवर्डरकडून डर्बनचे आकार लेखी घ्या आणि ते कोण भरणार हे प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्ये लिहा. माल थेट ग्राहकाच्या कारखान्यात पोचवायचा असेल, तर ठरलेल्या ठिकाणापर्यंत माल पोचवण्याच्या दोन अटी आहेत: डीएपीमध्ये ट्रकमधून उतरवणं खरेदीदाराकडे आणि डीपीयूमध्ये विक्रेत्याकडे असतं. जड पॅनलला क्रेन लागते, म्हणून ही निवड करताना तिथल्या क्रेनचं भाडं आधी विचारा. या दोन्ही अटींत विम्याचं बंधन कुणावरच नाही, तरी तिथपर्यंतची जोखीम विक्रेत्याची असल्याने विमा त्याने स्वतःसाठी काढावा.

कागदपत्रांत आयात-निर्यात कोड, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग आणि विमा पॉलिसी किंवा प्रमाणपत्र लागतं. शिपिंग बिलात एफओबी किंमत, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतची मालाची किंमत, भाडं आणि विमा वेगवेगळे दाखवा. पैसे लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर, येणार असतील, तर पॉलिसीची तारीख माल चढवल्याच्या तारखेनंतरची नसावी. ती नंतरची असेल आणि संरक्षण माल चढवल्याच्या दिवसापासून किंवा त्याआधीपासून लागू असल्याचं पॉलिसीतच दिसत नसेल, तर बँक कागद परत करते.