थेट प्रक्षेपण आणि अपलोड केलेला व्हिडिओ

इंटरनेटवरून घडत असतानाच दाखवल्या जाणाऱ्या दृश्याला थेट प्रक्षेपण किंवा लाइव्ह स्ट्रीमिंग म्हणतात. आधी चित्रित करून, पूर्ण फाइलच्या रूपात संकेतस्थळावर चढवलेल्या दृश्याला अपलोड केलेला व्हिडिओ म्हणतात. प्रेक्षकाच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्ही प्रकारांत चित्र लहान लहान तुकड्यांत पोचते आणि प्लेअर ते तुकडे ओळीने दाखवतो. फरक आहे तो चित्रीकरण आणि पाहणे यांच्यामध्ये उरणाऱ्या वेळेचा. अपलोड केलेल्या व्हिडिओत हा वेळ तासांचा किंवा दिवसांचा असू शकतो. त्या अवधीत फाइल संकुचित करता येते, वेगवेगळ्या दर्जाच्या प्रती तयार करता येतात, स्वामित्वहक्काची तपासणी होते आणि नको तो भाग कापता येतो. थेट प्रक्षेपणात ही सारी कामे काही सेकंदांत उरकावी लागतात किंवा कार्यक्रम संपल्यावर करावी लागतात, आणि काही कामे होतच नाहीत.

संकोचनाचे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होते. पूर्ण फाइल हाती असेल तर संगणक ती एकदा तपासून कुठे हालचाल जास्त आहे हे पाहू शकतो आणि दुसऱ्या फेरीत तिथे अधिक डेटा खर्च करू शकतो. थेट प्रक्षेपणात पुढच्या क्षणी वक्ता शांत उभा राहील की मंचावर ढोल सुरू होतील हे चित्र संकुचित करणाऱ्या एन्कोडरला ठाऊक नसते. त्यामुळे तेवढ्याच डेटात थेट चित्र सहसा थोडे कमी रेखीव दिसते.

विलंब कुठून येतो

‘लाइव्ह’ असे लिहिलेले चित्रही क्वचितच त्याच क्षणाचे असते. इंटरनेटवरच्या मोठ्या प्रक्षेपणांत एचएलएस ही पद्धत बरीच वापरली जाते. ॲपल कंपनीने ती 2009 साली आणली. तीत चित्रप्रवाहाचे तुकडे पाडून ते साध्या फाइलींसारखे सर्व्हरवर ठेवतात. हजारो प्रेक्षकांना स्वस्तात चित्र पोचवण्याची सोय यातून झाली, आणि विलंबाचे मूळही यातच आहे. तुकडा पूर्ण झाल्याशिवाय तो पाठवता येत नाही. शिवाय मध्येच नेटवर्क अडखळले तर चित्र थांबू नये म्हणून प्लेअर काही तुकडे हाताशी ठेवूनच सुरुवात करतो. या पद्धतीच्या 2017 सालच्या लिखित तपशिलानुसार प्लेअरने उपलब्ध यादीच्या टोकापासून किमान तीन तुकड्यांइतके मागून सुरू करावे अशी अपेक्षा आहे.

साताऱ्यातील एका व्याख्यानाचे प्रक्षेपण सहा सेकंदांच्या तुकड्यांनी होत आहे असे समजू. तीन तुकड्यांचे 18 सेकंद झाले. त्याशिवाय पुढचा तुकडा अजून भरत असतो, त्याचे शून्य ते सहा सेकंद धरावे लागतात. कॅमेरा, एन्कोडर आणि वाहतूक यांचे दोन-तीन सेकंद मिळवले की घरबसल्या प्रेक्षक साधारण 20 ते 27 सेकंद मागे असतो. तुकडे दोन सेकंदांचे केले तर हाच हिशेब आठ ते अकरा सेकंदांवर येतो. मात्र मग हाताशी साठा सहाच सेकंदांचा राहतो, आणि मोबाइलचा सिग्नल तेवढा वेळ गेला की चित्र अडकते. विलंब कमी करण्याची किंमत बहुधा अशी स्थैर्यात मोजावी लागते. यूट्यूबवर सामान्य, कमी आणि अतिकमी विलंब असे तीन पर्याय असतात. कमी विलंबात बहुतेक प्रेक्षक दहा सेकंदांच्या आत आणि अतिकमी विलंबात पाच सेकंदांच्या आत राहतात. मात्र 4K दर्जा हवा असेल तर सामान्य विलंबच निवडावा लागतो. व्हिडिओ कॉलसाठी वापरली जाणारी वेबआरटीसी पद्धत एका सेकंदाच्याही आत चित्र पोचवते, पण तीत साध्या फाइली वाटण्याची सोय नसल्याने लाखो प्रेक्षकांसाठी ती खर्चिक ठरते.

विलंब सर्वांना सारखा नसतो. एखाद्या प्रेक्षकाचे चित्र पाच सेकंद अडकले की पुन्हा सुरू झाल्यावर तो सहसा तेवढाच आणखी मागे पडतो. क्रिकेटच्या सामन्यात शेजारच्या घरातून आधी आरोळी येते आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो, याचे कारण हेच. यूट्यूबच्या प्लेअरमध्ये अशा वेळी ‘लाइव्ह’पुढचा लाल ठिपका करडा होतो आणि त्यावर दाबले की प्रेक्षक पुन्हा टोकाला येतो. चित्र अडकण्याचा दोष कोणाचा हेही ओळखता येते. एकाच प्रेक्षकाला अडचण असेल तर ती त्याच्या जोडणीची असते. सगळ्यांचे चित्र एकाच जागी तुटत असेल तर पाठवणाऱ्याचा अपलोड वेग अपुरा पडलेला असतो, आणि पाठवणारा ओबीएस हे प्रक्षेपणाचे सॉफ्टवेअर वापरत असल्यास खिडकीच्या तळाशी गळालेल्या फ्रेमचा आकडा वाढताना दिसतो. अपलोड केलेल्या व्हिडिओत हा दुसरा दोष संभवतच नाही. मंद जोडणीवर फाइल चढायला रात्रभर लागेल, पण ती पूर्ण चढेल.

काही ठिकाणी विलंब मुद्दाम ठेवला जातो. भारतीय न्यायालयांच्या थेट प्रक्षेपणासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या आदर्श नियमांत दहा मिनिटांचा विलंब सुचवला आहे, तसेच प्रक्षेपण थांबवण्याचे साधन पीठासीन न्यायाधीशांच्या हाती असावे असेही म्हटले आहे. साक्षीत एखाद्या पीडितेचे नाव अनवधानाने उच्चारले गेले तर ते बाहेर जाण्यापूर्वी अडवण्याइतका हा अवधी आहे. अपलोडमध्ये आपोआप मिळणारी संपादनाची संधी येथे नियमाने निर्माण केली आहे, असे म्हणता येईल.

चॅट आणि तिचे नियंत्रण

चित्र तुकड्यांच्या वाटेने येते, तर चॅटमधला संदेश दुसऱ्या वाटेने, सहसा सेकंदभरात पोचतो. दोन्ही वाटांचा वेग वेगळा असल्याने संवाद तिरपा होतो. वरच्याच व्याख्यानात वक्ता साडेसात वाजता “प्रश्न आहेत का?” असे विचारतो. विलंब 24 सेकंदांचा असेल, तर घरच्या श्रोत्याला ते 7 वाजून 30 मिनिटे 24 सेकंदांनी ऐकू येते आणि वीस सेकंदांत त्याने प्रश्न लिहिला तरी तो 44व्या सेकंदाच्या पुढे पोचतो. पंधरा सेकंद वाट पाहून “कोणाला काही शंका नाही” असे म्हणणारा वक्ता दूरच्या श्रोत्यांवर अन्यायच करतो. प्रश्न हवे असल्यास संयोजकाने ते कार्यक्रमाच्या मध्यापासून मागवावेत.

अपलोड केलेल्या व्हिडिओखालची टिप्पणी तपासणीसाठी दोन दिवस रोखून नंतर प्रसिद्ध केली तरी तिचे फारसे बिघडत नाही. चॅटमधला संदेश पाच मिनिटांनी सोडला तर त्याचा संदर्भच निघून गेलेला असतो. उलट आक्षेपार्ह संदेश पाच मिनिटे राहिला, तर तोवर सर्वांनी तो वाचलेला असतो. म्हणून चॅटमध्ये संदेश येण्याआधीच लावायच्या चाळण्यांना महत्त्व येते. सर्वांत परिचित चाळणी ‘स्लो मोड’ची आहे, तीत एका व्यक्तीला ठरावीक सेकंदांत एकच संदेश टाकता येतो. तिची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. सहाशे जण लिहीत असतील आणि अंतर 60 सेकंदांचे असेल, तरी सेकंदाला दहा संदेश येऊ शकतात आणि एवढे कोणीही मॉडरेटर वाचू शकत नाही. स्लो मोड एका माणसाचा मारा रोखतो, गर्दीचा नाही. गर्दीसाठी चॅट केवळ सदस्यांपुरती किंवा वर्गणीदारांपुरती ठेवणे, किंवा मॉडरेटर वाढवणे, हेच उपाय उरतात.

वर्ज्य शब्दांच्या यादीत मराठीची अडचण वेगळी आहे. एकच शिवी देवनागरीत, रोमन लिपीत तीन-चार स्पेलिंगांनी, अक्षरांमध्ये ठिपके घालून किंवा अक्षराऐवजी आकडा वापरून लिहिली जाते. देवनागरी शब्दांची यादी करून निश्चिंत झालेल्या वाहिनीवर रोमन लिपीतला मजकूर सहज निसटतो. शिवाय कोणाच्या गावावरून, आडनावावरून किंवा जातीवरून मारलेला टोमणा एकही वर्ज्य शब्द न वापरता मारता येतो. तिथे मराठी जाणणारा माणूसच लागतो.

चित्रावरच्या नियंत्रणातही हाच फरक दिसतो, आणि त्याचे सर्वांत भीषण उदाहरण न्यूझीलंडमधले आहे. 15 मार्च 2019 रोजी क्राइस्टचर्च येथील मशिदींवरचा हल्ला हल्लेखोराने फेसबुकवरून थेट दाखवला. फेसबुकने दिलेल्या माहितीनुसार प्रक्षेपण चालू असताना ते दोनशेपेक्षा कमी वेळा पाहिले गेले, आणि प्रेक्षकाची पहिली तक्रार प्रक्षेपण संपल्यावर 12 मिनिटांनी आली. त्यानंतरच्या 24 तासांत मात्र कंपनीने सुमारे 15 लाख प्रती काढल्या, त्यांतील 12 लाखांहून अधिक चढवतानाच अडवल्या. कारण एकदा फाइल हाती आली की तिचा अंकीय ठसा घेऊन तशाच प्रती ओळखता येतात. घडत असलेल्या दृश्याचा ठसा आधीपासून कोणाकडेच नसतो.

जतन केलेले पुनःप्रक्षेपण

प्रक्षेपण संपले की त्याची नोंद राहते आणि ती अपलोड केलेल्या व्हिडिओच्या जवळ जाते, पण तशीच होत नाही. यूट्यूबवर बारा तासांपेक्षा कमी लांबीचे प्रक्षेपण आपोआप जतन होते. त्याहून लांब चालणाऱ्या पारायणाचे किंवा मिरवणुकीचे तसे होत नाही. संयोजकांनी मधेच प्रक्षेपण संपवून नवे सुरू करावे. जतन होते तेही सर्व्हरपर्यंत जे पोचले तेच. वाटेत गळालेल्या फ्रेम पुनःप्रक्षेपणातही नसतात. म्हणून जाणते चालक प्रक्षेपणाबरोबर स्वतःच्या संगणकावर वेगळे ध्वनिचित्रमुद्रण चालू ठेवतात. ती स्वच्छ प्रत नंतर चढवता येते, मात्र यूट्यूबवर एका व्हिडिओच्या जागी दुसरी फाइल ठेवता येत नसल्याने तिचा दुवा नवा असतो आणि जुनी प्रेक्षकसंख्या व चॅट जुन्या दुव्यापाशीच राहते.

पुनःप्रक्षेपणात चॅटही चित्राबरोबर पुन्हा चालवता येते. संदेशावर सर्व्हरला पोचल्याची वेळ नोंदलेली असेल तर टाळ्यांचे संदेश षटकारानंतर वीस-पंचवीस सेकंदांनी उमटतात, म्हणजे त्या दिवशीचा विलंब नोंदीत तसाच गोठून राहतो. स्वामित्वहक्काची तपासणी प्रक्षेपण चालू असतानाही होते आणि जुळणी सापडल्यास चित्राऐवजी स्थिर प्रतिमा येऊ शकते. तरी त्या वेळी निसटलेले मंडपातले गाणे जतन प्रतीत सापडून दावा नंतर येणे शक्य असते.

नोंद किती काळ राहावी यावर एकमत नाही. फेसबुकने 19 फेब्रुवारी 2025 पासून नवी थेट प्रक्षेपणे 30 दिवसच ठेवण्याचे धोरण घेतले. त्यानंतर हवी असल्यास संयोजकाने ती आधीच उतरवून घ्यायची असतात. न्यायालयांच्या आदर्श नियमांत उलट किमान सहा महिने जतनाची तरतूद आहे आणि परवानगीशिवाय मुद्रण करण्यास वा प्रत पसरवण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांपुढील सुनावण्यांचे नियमित थेट प्रक्षेपण 27 सप्टेंबर 2022 रोजी सुरू झाले तेव्हा शिवसेनेतील फुटीची सुनावणी पहिल्याच दिवसाच्या प्रकरणांत होती. चार-पाच तासांच्या अशा सुनावणीतून अर्ध्या मिनिटाचे वाक्य तोडून फोनवर फिरवले की ते पाहणाऱ्याच्या दृष्टीने अपलोड केलेला व्हिडिओच असते. त्याच्या आधी कोणता प्रश्न विचारला गेला होता हे त्या तुकड्यात नसते, आणि मूळ प्रक्षेपणाला लागू असलेला विलंब किंवा पीठाच्या हातातले थांबवण्याचे साधन तिथवर पोचत नाही.