रिकामा रकाना आणि राजाची घाई

“फ्रीसेल या पत्त्यांच्या खेळात पानांचा एखादा रकाना रिकामा झाला की त्यात लगेच राजा ठेवायचा असतो ना?”

नाही. तो नियम क्लॉन्डाइक सॉलिटेअरचा. फ्रीसेलमध्ये रिकाम्या रकान्यात कोणतंही पान चालतं, आणि बहुतेक वेळा तो रिकामाच जास्त उपयोगी पडतो.

समजा एकेक पान तात्पुरतं ठेवायचे दोन कप्पे मोकळे आहेत, एक रकाना रिकामा आहे. लाल अठ्ठीपासून लाल चौकीपर्यंत पाच पानांची उतरती माळ आहे, तिच्याखाली एक्का अडकलाय, आणि दुसरीकडे काळी नव्वी उघडी आहे. आता रकान्यात राजा टाकलात तर एका वेळी तीनच पानं हलतील: दोन कप्प्यांतली आणि एक थेट. एक्का तसाच राहील.

राजा नको. चौकी आणि पंजी कप्प्यांत ठेवा, छक्की रिकाम्या रकान्यात, तिच्यावर पंजी, मग चौकी. कप्पे पुन्हा मोकळे झाले. सत्ती कप्प्यात, अठ्ठी नव्वीवर, तिच्यावर सत्ती. शेवटी छक्की-पंजी-चौकी तशीच कप्प्यांतून सत्तीवर आणा. एक्का सुटला, रकानाही परत रिकामा!

मोकळा कप्पा पानं हलवण्याची क्षमता एका पानाने वाढवतो, पण रिकामा रकाना ती दुप्पट करतो: इथे तीनाची सहा. मात्र माळ त्या रिकाम्या रकान्यातच न्यायची असेल तर हा फायदा मिळत नाही, तिथे तीनच पानं जातात. राजा ठेवावा तो त्याच्यावर राणी-गुलामाची तयार माळ लगेच चढवून खालची लहान पानं सुटत असतील तेव्हा.